पुस्तक छापायच्या आधीच घोस्टरायटिंग किंवा सहलेखनाचा करार संपवायचाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिहिणारे, ज्यांच्या नावाने पुस्तक येणार होतं ते, आणि सहलेखक अशा तिन्ही बाजूंकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. खाली 'क्लायंट' म्हणजे ज्याच्या नावावर पुस्तक येणार होतं तो आणि 'लेखक' म्हणजे प्रत्यक्ष लिहिणारा. कायदा देशागणिक बदलतो, त्यामुळे जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे देशाचं नाव दिलंय.

१. थांबायचं ठरलंय. आधी पैशांचं बोलून घेऊ का?

आधी यादी करा. पैशांपासून सुरुवात केली की क्लायंट 'पुस्तक तर झालंच नाही' म्हणतो, लेखक 'माझे इतके महिने गेले' म्हणतो, आणि दोघंही खरं बोलत असतात त्यामुळे गाडी पुढे सरकतच नाही. म्हणून थांबायची एक तारीख पक्की करा आणि त्या तारखेला काय काय हातात आहे ते एका कागदावर उतरवा. कुठली प्रकरणं पाठवून झाली, कुठली अर्धी आहेत, आराखडा मंजूर झाला होता का, मुलाखतींचं रेकॉर्डिंग किती तासांचं आहे आणि त्यातलं टाईप किती झालंय. प्रत्येक फाईलचं नाव आणि ती पाठवल्याची तारीख सुद्धा लिहा, कारण 'प्रकरण ४ फायनल' आणि 'प्रकरण ४ फायनल नवीन' अशा दोन फाईली जवळजवळ प्रत्येक फोल्डरमध्ये सापडतात आणि नंतर वाद नेमका त्यांच्यावरूनच होतो.

यादीला दोघांनी मेलवर 'बरोबर आहे' म्हटलं की मगच पुढचं बोलणं. आणि त्या तारखेनंतर कोणी काही नवीन लिहून पाठवू नये. लेखक चांगुलपणाने अजून एक प्रकरण संपवून देतो आणि मग त्या एका प्रकरणाचे पैसे आणि हक्क यावरून सगळं परत उकरलं जातं.

२. आमच्यात कागदावर काहीच नाहीये, सगळं फोन आणि मेसेजवर ठरलं. मग करार होता असं म्हणता येईल का?

बहुतेक ठिकाणी येईल. 'इतके पैसे, इतकं काम' असं ठरलं, काम सुरू झालं आणि एखादा हप्ता गेला, एवढ्यावर करार झाला असं सहसा धरलं जातं. ते मेसेज आणि पेमेंटच्या नोंदी हाच तुमचा कागद, त्यामुळे चॅट डिलीट करू नका, एक्सपोर्ट करून ठेवा.

पण पैशांचं ठरलं म्हणून हक्कांचं सुद्धा ठरलं असं होत नाही. कॉपीराईट दुसऱ्याच्या नावे करायला भारत, अमेरिका, ब्रिटन अशा बऱ्याच देशांत लेखी आणि सही केलेला दस्तऐवज लागतो. म्हणजे निव्वळ फोनवर ठरलेल्या कामात ड्राफ्टचा मालक अजूनही लेखकच असण्याची शक्यता खूप मोठी आहे, क्लायंटने पैसे दिले असले तरी (प्रश्न ५ बघा).

३. काम अर्धवट झालंय. नेमके किती पैसे द्यायचे हे काढायचं कसं?

करारात टप्पे असतील तर पूर्ण झालेल्या टप्प्यांवर वाद नसतो. भांडण होतं ते मधल्या, अर्ध्या राहिलेल्या टप्प्यावर. पानं मोजून भाग लावू नका, त्यात लेखकावर अन्याय होतो कारण मुलाखती आणि आराखडा हे सगळ्यात जड काम सुरुवातीलाच होतं आणि त्याची पानं दिसत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. १२ प्रकरणांचं आत्मचरित्र आहे, एकूण फी १०० भाग धरू. हप्ते असे ठरले होते: सही झाल्यावर २५, आराखडा आणि पहिली ३ प्रकरणं दिल्यावर २५, पूर्ण पहिला ड्राफ्ट दिल्यावर ३०, शेवटची मंजुरी मिळाल्यावर २०. काम थांबलं तेव्हा मुलाखती सगळ्या झाल्या होत्या, आराखडा मंजूर होता, ५ प्रकरणं पाठवली होती, ६ वं आणि ७ वं अर्धं अर्धं झालं होतं, आणि पहिल्या ३ प्रकरणांवर दुरुस्तीची एक फेरी झाली होती. क्लायंटने ५० दिले होते.

आता हप्ते बाजूला ठेवा आणि काम कशात गेलं ते बघा. दोघांनी मिळून मान्य केलं की मुलाखती आणि टायपिंगचे २०, आराखड्याचे १०, पहिल्या ड्राफ्टचे ५०, आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांचे २०. मुलाखती आणि आराखडा पूर्ण म्हणून ३०. ड्राफ्टमध्ये ५ पूर्ण आणि २ अर्धी मिळून ६ प्रकरणं, म्हणजे बारातली अर्धी, म्हणून २५. दुरुस्तीत एका फेरीचे १०, त्यातली १२ पैकी ३ प्रकरणं, म्हणून अडीच. बेरीज साडेसत्तावन्न. ५० पोचलेत, साडेसात द्यायचे राहिले.

आकडा तुमच्याकडे वेगळा येईल, पण पद्धत हीच ठेवा, आणि वाटणीचे टक्के ठरवताना झालेलं काम डोळ्यासमोर न ठेवता ठरवा. आधी २०-१०-५०-२० वर एकमत आणि मग प्रकरणं मोजायची. उलटं केलं तर प्रत्येक जण आपल्याला हवा तो आकडा आधी ठरवून टक्के मागून जुळवतो. हिशोब केल्यावर लेखकाकडेच जास्त पैसे गेलेत असं निघालं तर प्रश्न ४.

४. अ‍ॅडव्हान्स परत मागता येतो का? आणि ही किल फी काय असते?

सहीच्या वेळी दिलेला हप्ता 'नॉन-रिफंडेबल' असं लिहिलेलं असेल आणि क्लायंटनेच विनाकारण थांबवलं असेल तर तो परत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण लेखकाने ते महिने दुसरं काम न घेता राखून ठेवलेले असतात. लेखकानेच सोडलं असेल आणि हिशोबात (प्रश्न ३) झालेलं काम घेतलेल्या पैशांपेक्षा कमी निघालं तर फरक परत देणं योग्य आहे, एकरकमी जमत नसेल तर तारखा टाकून हप्त्यांत.

किल फी म्हणजे काम क्लायंटच्या बाजूने रद्द झालं तर द्यायची आधीच ठरलेली रक्कम. ती करारात असेल तरच मागता येते, वाद सुरू झाल्यावर शोधून काढता येत नाही. आणि असेल तर एक गोष्ट नीट वाचा: ती झालेल्या कामाच्या पैशांच्या वर आहे की त्यांच्याऐवजी आहे. बऱ्याच करारांत हे मोघम असतं, आणि मोघम असेल तर तडजोडीच्या कागदात स्पष्ट लिहून टाका.

५. मी सगळे हप्ते वेळेवर दिलेत, म्हणजे ड्राफ्ट माझाच ना?

कागदावर काय लिहिलंय त्यावर आहे, पावतीवर नाही. खूप करारांत वाक्य असं असतं की 'पूर्ण मोबदला मिळाल्यावर हक्क क्लायंटकडे जातील'. आता काम मधेच थांबलं तर 'पूर्ण मोबदला' कधी मिळणारच नाही, कारण शेवटचा हप्ता मंजुरीनंतरचा होता. म्हणजे त्या वाक्याप्रमाणे हक्क अजून लेखकाकडेच अडकलेले. हे वाक्य करार करताना निरुपद्रवी दिसतं आणि थांबताना सगळ्यात जास्त त्रास देतं.

अमेरिकेतले लोक म्हणतात की आमच्या करारात 'वर्क मेड फॉर हायर', म्हणजे काम करून घेणाराच मूळ मालक, असं लिहिलंय, त्यामुळे प्रश्न मिटला. तिथल्या कायद्यात बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेलं काम या सदरात बसायला ते ठराविक ९ प्रकारांपैकी एक असावं लागतं, आणि एकट्या माणसाचं आत्मचरित्र त्या यादीत सहज बसत नाही. १९८९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने रीड केसमध्ये हे स्पष्ट केलं की पैसे देऊन करून घेतलं एवढ्यावरून देणारा मालक होत नाही. म्हणून नुसत्या त्या शब्दांवर विसंबू नका, हक्क हस्तांतरणाचं वेगळं वाक्य हवंच. जर्मनीत तर कॉपीराईट हस्तांतरित होतच नाही, फक्त वापराचे हक्क देता येतात, तिथे कागदाची भाषा त्याप्रमाणे ठेवावी लागते.

थांबताना उपाय सोपा आहे: यादीतल्या कुठल्या फाईलींचे हक्क कुणाकडे, हे फाईलनिहाय लिहा आणि ते ठरलेली शेवटची रक्कम खात्यात जमा झाल्या क्षणी लागू होतील असं म्हणा. 'पुस्तकाचे सर्व हक्क' असं लिहू नका, पुस्तक अजून झालेलंच नाहीये.

६. अर्धा ड्राफ्ट नवीन लेखकाकडे देऊन पुढे लिहून घेऊ का?

हक्क तुमच्याकडे लेखी आले असतील तर खुशाल. नसतील तर त्या फाईली नवीन माणसाला पाठवूच नका, 'फक्त अंदाज यावा म्हणून' सुद्धा नाही. एकदा वाचलं की वाक्यं नकळत उतरतात आणि नंतर तुम्ही वेगळं लिहिलंय हे सिद्ध करणं अवघड होऊन बसतं.

तुमच्या आयुष्यातल्या घटना, तारखा, माणसं यांच्यावर कोणाचा कॉपीराईट नाही. जुन्या लेखकाचं आहे ते वाक्य, घटनांची निवड आणि त्यांची मांडणी. म्हणून नवीन माणसाला मूळ रेकॉर्डिंग आणि त्यातून टाईप केलेलं जसंच्या तसं बोलणं द्या (प्रश्न ७ आधी वाचा), ड्राफ्ट आणि जुना आराखडा देऊ नका. कोणत्या तारखेला त्याला काय दिलं याची नोंद ठेवा. पुस्तक तयार झाल्यावर वर्डमध्ये Review मधलं Compare वापरून दोन्ही मजकूर शेजारी लावून बघा. जे वेगळं आहे ते रंगात दिसतं, आणि सरळ कॉपी झालेले परिच्छेद बिनरंगाचे तसेच राहतात. शब्द बदलून तीच मांडणी उचललेली मात्र त्यात दिसत नाही, त्यासाठी एका माणसाने प्रकरणांचा क्रम आणि सुरुवाती स्वतः वाचाव्या लागतात.

७. मुलाखतींचं रेकॉर्डिंग कोणाचं?

यावर करारात क्वचितच काही असतं, आणि खरं तर सगळ्यात नाजूक वस्तू हीच. त्यात क्लायंटचं बोलणं आहे, लेखकाचे प्रश्न आहेत, आणि बऱ्याचदा घरातल्या इतर माणसांबद्दलच्या अशा गोष्टी आहेत ज्या पुस्तकात येणारच नव्हत्या. वापराच्या दृष्टीने क्लायंटला पूर्ण प्रत मिळावी आणि लेखकाने ती कुठेही वापरू नये, हेच न्याय्य वाटतं. टाईप करण्याचं काम लेखकाने केलं असेल तर त्याचे पैसे हिशोबात धरा आणि मग ट्रान्स्क्रिप्ट देऊन टाका. पैसे अडकलेत म्हणून रेकॉर्डिंग दाबून ठेवणं मला अजिबात पटत नाही, ड्राफ्ट अडवून ठेवणं वेगळं आणि दुसऱ्याच्या खाजगी आठवणी अडवणं वेगळं.

क्लायंटशिवाय इतरांच्या मुलाखती घेतल्या असतील तर त्यांनी कुणाला आणि कशासाठी परवानगी दिली होती ते बघा. एखाद्याने लेखकावर विश्वास ठेवून बोललं असेल तर नवीन लेखकाकडे ते जाण्याआधी त्याला एकदा विचारायलाच हवं.

८. माझी ५ प्रकरणं वापरली जाणार आहेत. माझं नाव यायला हवं का?

घोस्टरायटिंगमध्ये नाव न येणं हाच सौदा असतो, आणि तो फीच्या आकड्यात धरलेला असतो. त्यामुळे काम मधेच थांबलं म्हणून आपोआप नावाचा हक्क उगवत नाही. पण कॉपीराईटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९२८ साली आलेल्या कलम ६ बिस प्रमाणे, हक्क विकल्यानंतरही लेखकाला आपलं लेखकत्व सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला धक्का देणाऱ्या मोडतोडीला विरोध करण्याचा हक्क राहतो. तो सोडून देता येतो का, हे देशावर आहे: ब्रिटनमध्ये लेखी सही करून सोडता येतो, फ्रान्समध्ये तो सोडताच येत नाही. म्हणून 'मी नाव मागणार नाही' हे वाक्य जुन्या करारात असलं तरी थांबतानाच्या कागदात परत लिहून घेतात.

नाव द्यायचं ठरत असेल तर नेमकं कुठे आणि कसं ते लिहा. मुखपृष्ठावर 'यांच्यासह', आतल्या पानावर 'लेखन साहाय्य', की फक्त ऋणनिर्देशात एक ओळ, या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि अट घाला, कारण पुढे किती उरेल हे आज कुणालाच माहीत नाही. उदाहरणार्थ, शेवटच्या मजकुरात जुन्या प्रकरणांचा एक चतुर्थांशापेक्षा जास्त भाग उरला तर आतल्या पानावर नाव, त्याहून कमी असेल तर ऋणनिर्देश, आणि मोजायचं कसं ते सुद्धा तिथेच. छपाईला जाण्याआधी ते पान लेखकाला दाखवायचं आणि ७ दिवसांत उत्तर नाही आलं तर मान्य समजायचं, एवढं लिहिलं की पुरे.

९. उलट केस आहे. मला त्या पुस्तकावर माझं नाव अजिबात नकोय.

हे सुद्धा लेखी घ्या. नवीन लेखकाने मजकूर पूर्ण बदलला, आणि क्लायंटने सौजन्य म्हणून ऋणनिर्देशात तुमचं नाव टाकलं, तर न लिहिलेल्या गोष्टींची जबाबदारी लोक तुमच्यावर टाकतात. 'पुस्तक, जाहिरात आणि मुलाखतीत माझं नाव वापरायचं नाही' असं एक वाक्य बास. फक्त हे लक्षात घ्या की एकदा असं लिहून दिलं की पुस्तक गाजल्यावर तुम्हाला पोर्टफोलिओत ते दाखवता येणार नाही.

१०. आम्ही दोघं सहलेखक आहोत, घोस्ट कोणीच नाही. एकाने सोडलं तर दुसरा एकटा छापू शकतो का?

इथे घोस्टरायटिंगचे नियम लावू नका. दोघांचं लिखाण वेगळं काढता येत नसेल तर ते संयुक्त काम, आणि दोघंही मालक. भारतात आणि ब्रिटनमध्ये एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय छापता येत नाही. अमेरिकेत एक जण एकट्याने बिनएकाधिकार परवाना, म्हणजे इतरांनाही देता येईल असा, देऊ शकतो, पण मिळालेल्या पैशांतला वाटा दुसऱ्याला द्यावा लागतो, आणि प्रकाशकाला सहसा एकाधिकारच हवा असतो, त्यामुळे तिथेही प्रत्यक्षात दुसऱ्याची सही लागतेच.

'त्याने तर फक्त कल्पना दिल्या, टाईप मी केलं' हे सांगून सुटका होईलच असं नाही. इंग्लंडमध्ये एका चित्रपटाच्या पटकथेवरून झालेल्या कोगन विरुद्ध मार्टिन केसमध्ये २०१९ साली अपील कोर्टाने सांगितलं की पेन कुणाच्या हातात होतं एवढंच बघायचं नसतं, आणि फेरसुनावणीत २०२१ साली त्या पटकथेत न लिहिणाऱ्या बाजूचा २० टक्के वाटा मान्य झाला. दुसरीकडे नुसता विषय सुचवणं किंवा तपासून देणं एवढ्याने कोणी सहलेखक होत नाही.

त्यामुळे वेगळं होताना तीन रस्ते उरतात. प्रकरणं ज्याने लिहिली त्याला परत, हे तेव्हाच जमतं जेव्हा ती खरंच वेगळी काढता येतात. किंवा एकाने दुसऱ्याचा वाटा विकत घ्यायचा, रोख किंवा रॉयल्टीचा टक्का देऊन. नाहीतर दोघांनीही तो मजकूर बंद ठेवायचा आणि विषय मात्र दोघांनाही मोकळा. तिसरा रस्ता लोकांना हार वाटतो, पण भांडण टोकाला गेलं असेल तर तोच सगळ्यात स्वस्त पडतो.

११. प्रकाशकाशी करार झालाय आणि त्याचा अ‍ॅडव्हान्स आम्ही वाटून घेतलाय. आता?

तुमच्या दोघांतली तडजोड प्रकाशकाला बांधील नसते. प्रकाशकाच्या करारावर दोघांच्या सह्या असतील आणि जबाबदारी 'संयुक्त आणि वेगवेगळी' असेल तर तो पूर्ण अ‍ॅडव्हान्स एकाकडूनच मागू शकतो, मग त्याने दुसऱ्याकडून आपला वाटा वसूल करायचा. म्हणून आपसातल्या कागदावर सही करण्याआधी प्रकाशकाला कळवा, नवीन लेखक चालेल का आणि मुदत वाढेल का हे विचारा, आणि जाणाऱ्या माणसाला करारातून मोकळं केल्याचं पत्र प्रकाशकाकडूनच घ्या. एजंट असेल तर त्याने आणलेल्या सौद्यावरचं कमिशन सहसा तुम्ही वेगळे झालात तरी सुरूच राहतं, ते कोणाच्या वाट्यातून कापायचं हे ठरवायला लोक विसरतात.

१२. न वापरलेले ड्राफ्ट डिलीट केले असं तो म्हणतो. खरं कशावरून?

पूर्ण खात्री कधीच मिळत नाही. मेलचे अटॅचमेंट, शेअर केलेले फोल्डर, फोनचा बॅकअप, टायपिस्टला पाठवलेली प्रत, अशा किती ठिकाणी फाईल असते. म्हणून 'सगळं डिलीट करेन' असं अशक्य वचन घेण्यापेक्षा त्याने काय करायचं ते नाव घेऊन लिहा: शेअर फोल्डरचा अ‍ॅक्सेस काढायचा, रेकॉर्डिंग पुसायचं, मदतनीसाकडची प्रत पुसून घ्यायची, आणि हे केल्याचा सही केलेला मेल पाठवायचा. ज्याचा वाद पुढे होऊ शकतो अशा यादीतल्या फाईलींची एक प्रत दोघांनी फक्त पुराव्यासाठी बंद ठेवायची मुभा ठेवा, नाहीतर उद्या तुम्हालाच सिद्ध करायला हातात काही राहणार नाही.

लेखकाकडे परत गेलेल्या ड्राफ्टमध्ये क्लायंटची खाजगी माहिती असेल तर मालकी लेखकाची असली तरी गोपनीयतेचं बंधन सुटत नाही. म्हणजे वाक्य त्याचं, पण छापायची मोकळीक नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं आणि कागदात दोन्ही वेगवेगळे लिहिलेले बरे.

१३. समोरचा उत्तरच देत नाहीये. मी स्वतःहून करार संपला असं धरू का?

नुसतं धरून चालू नका, कळवा. करारात नोटीसची मुदत असेल तर त्याच पत्त्यावर आणि त्याच पद्धतीने पाठवा. नसेल तर तारीख घालून लिहा की 'अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास मी काम थांबलं असं समजेन', सोबत यादी (प्रश्न १) आणि हिशोब (प्रश्न ३) जोडा. ती तारीख उलटल्यावर अजून एक छोटा मेल, की आजपासून थांबलं. इतकं केल्याने करार संपवायचा तुमचा मार्ग साफ होतो, पण हक्क मात्र जिथल्या तिथेच राहतात. क्लायंट गायब झाला म्हणून लेखकाला त्याची कहाणी स्वतःच्या नावाने छापता येत नाही, आणि लेखक गायब झाला म्हणून हक्क लिहून न घेतलेला ड्राफ्ट क्लायंटला छापता येत नाही. गायब झालेल्याने नंतर येऊन 'मी तर थांबवलंच नव्हतं' म्हटलं तर ते दोन मेल तुमच्या कामी येतात, तेव्हा ते पाठवलेल्या अकाउंटचा पासवर्ड आणि बॅकअप जपून ठेवा.